दोष आजाराचा किती, पत्र्याच्या शेडचा किती?

प्रश्न : माझा लॅब्रॅडॉर अकरा वर्षांचा, 36 किलोचा आहे. मे महिन्यात लग्नाला बाहेरगावी जाताना त्याला जळगावजवळच्या एका बोर्डिंगमध्ये सहा दिवसांसाठी ठेवलं. रोजचे 600 रुपये, पावतीवर 'कूलर रूम' लिहिलंय. सोडताना मी व्हॉट्सअ‍ॅपवर कळवलं होतं की 'तो जरा घोरल्यासारखा श्वास घेतो, वय झालंय'. चौथ्या दिवशी भर दुपारी त्याला पत्र्याच्या शेडमध्ये ठेवलं आणि तो कोसळला. दवाखान्यात नेलं तेव्हा अंगात 107 फॅरनहाइट ताप होता. बिल 21,400 झालं. आता डॉक्टर सांगतात, स्वरयंत्राला लकवा आहे, मुंबईला नेऊन 'टाय-बॅक' ऑपरेशन करा, 90 हजार लागतील. बोर्डिंगवाला म्हणतो, कुत्रा आधीच आजारी होता आणि फॉर्मवर 'मालकाच्या जबाबदारीवर' अशी तुमची सही आहे. ऑपरेशनचा खर्च त्याच्याकडून मिळेल का? केस लागेपर्यंत ऑपरेशन थांबवू का? — एक वाचक, भुसावळ

उत्तर : ऑपरेशनचे 90 हजार मिळणार नाहीत, आणि माझं ऐकाल तर ते मागूही नका. दवाखान्याचं बिल मात्र मिळवता येईल.

म्हाताऱ्या, मोठ्या चणीच्या कुत्र्यांत, लॅब्रॅडॉरमध्ये तर विशेषच, स्वरयंत्राकडे जाणारी नस हळूहळू निकामी होत जाते. श्वास आत घेताना स्वरयंत्राच्या दोन्ही बाजूंच्या कूर्चा बाहेर सरकून वाट मोकळी करतात. नस गेली की त्या मध्येच लोंबत राहतात. तुम्ही ज्याला घोरणं म्हणालात तो आवाज तिथला. सहसा त्याआधी भुंकणं घोगरं होतं, पाणी पिताना ठसका लागतो, मागचे पाय लटपटू लागतात. हे व्हायला महिने, कधी वर्षं लागतात. एका दुपारच्या उन्हाने नस जात नाही. त्यामुळे लकव्याचा खर्च शेडच्या माथी मारायला गेलात, तर समोरचा वकील एका पशुवैद्याला उभं करून तो मुद्दा पाच मिनिटांत पाडेल, आणि त्याबरोबर तुमच्या खऱ्या मागणीवरचाही विश्वास जाईल.

उष्माघाताचं तसं नाही. कुत्रा अंगातली उष्णता मुख्यतः धापा टाकून बाहेर टाकतो. वाट अरुंद असलेला कुत्रा जितक्या जोरात धापतो तितक्या त्या कूर्चा आत ओढल्या जातात, घसा सुजतो, धापण्याच्या कष्टानेच अंग आणखी तापतं. निरोगी कुत्र्याचं तापमान 101 ते 102.5 च्या आसपास असतं; 107 म्हणजे आतले अवयव धोक्यात. खानदेशात मेच्या दुपारी पारा 44-45 वर असताना पत्र्याखाली काय होतं, हे ग्राहक आयोगातल्या सदस्यांना समजावून सांगावं लागणार नाही.

तुम्ही कुत्रा पैसे देऊन सांभाळायला दिलात. भारतीय करार कायदा, 1872 च्या भाषेत हे निक्षेप. कलम 151 प्रमाणे, सांभाळणाऱ्याने सामान्य शहाणा माणूस स्वतःच्या वस्तूची घेईल तितकी काळजी घ्यायला हवी. इथे कूलरच्या खोलीचे पैसे घेऊन कुत्रा पत्र्याखाली ठेवला. आजार असो-नसो, कसूर तिथेच झाली.

आता त्याचा 'आधीच आजारी होता' हा मुद्दा. कलम 150 प्रमाणे वस्तूतला *माहीत असलेला* धोकादायक दोष देणाऱ्याने सांगायचा असतो. निदान नंतर झालं, तेव्हा लकव्याचं नाव तुम्हाला ठाऊक नव्हतं. श्वासाचा आवाज ठाऊक होता आणि तो तुम्ही लेखी कळवलात. तुमच्या फाइलमधला सगळ्यात मोलाचा कागद तो मेसेज आहे. फक्त दुधारी आहे : 'वय झालंय' या दोन शब्दांवर तो म्हणेल, मालकानेच हलकं करून सांगितलं. त्यावर उत्तर असं की श्वास आवाज करत घेणारं म्हातारं जनावर ऊन सोसणार नाही, हे कळायला निदान लागत नाही, आणि बोर्डिंग चालवणं हा त्याचा धंदा आहे.

'मालकाच्या जबाबदारीवर' या सहीने फार घाबरू नका. अशी छापील अट आयोग सहसा संकुचित अर्थाने वाचतो, आणि ठरलेली खोलीच दिली नाही याचं उत्तर त्या अटीत नाही. मात्र अट 'अन्यायकारक करार' म्हणून रद्द करून मागायची असेल तर ते काम राज्य आयोगाचं. जिल्हा आयोगात 'सेवेतील त्रुटी' एवढाच मुद्दा धरा. पोलीस तक्रारीचा आग्रह नको. जाणूनबुजून केलं हे दाखवता येणार नाही, आणि प्राणी क्रूरता कायद्याच्या कलम 11 खाली पहिल्या गुन्ह्याचा दंड आजही 10 ते 50 रुपये आहे.

मागणी अशी मांडा : दवाखाना 21,400, बोर्डिंगचे सहा दिवसांचे 3,600, मिळून 25,000, शिवाय मनस्तापापोटी माफक रक्कम आणि तक्रारीचा खर्च. आधी पंधरा दिवसांची नोटीस स्पीड पोस्टाने द्या आणि त्याच नोटिशीत त्या दिवसाचं सीसीटीव्ही चित्रण जपून ठेवायला सांगा. बऱ्याच ठिकाणी जुनं चित्रण काही आठवड्यांत पुसलं जातं, म्हणून नोटीस या आठवड्यातच जाऊ द्या. तुम्ही राहता त्या जिल्ह्यात, म्हणजे जळगावच्या आयोगात, तक्रार करता येते. दिलेला मोबदला पाच लाखांच्या आत असल्याने फी नाही. मुदत घटनेपासून दोन वर्षं.

ऑपरेशन केससाठी थांबवू नका. एकदा कोसळलेला कुत्रा पुढच्या मार्चपासून पुन्हा त्याच धोक्यात आहे. पण कापण्याआधी लॅरिंगोस्कोपीचा, म्हणजे स्वरयंत्र आतून पाहण्याच्या तपासणीचा, लेखी अहवाल आणि जमल्यास व्हिडिओ घ्या, कारण टाय-बॅकनंतर मूळ स्थिती दिसणार नाही. भूल हलकी असावी आणि औषध-मात्रा अहवालात नोंदवलेली असावी. खोल भुलेत निरोगी स्वरयंत्रही हलत नाही, हा आक्षेप हमखास येतो. छातीचा एक्स-रे आणि थायरॉइडची तपासणीही आधीच करा.

संमतिपत्रावर सही करण्याआधी तीन गोष्टी वाचा. एकाच बाजूची, सहसा डावी, कूर्चा न विरघळणाऱ्या टाक्याने बाहेर ओढून बांधणार, असं लिहिलंय ना? दोन्ही बाजू बांधल्या तर अन्नपाणी फुप्फुसात जाण्याचा धोका वाढतो. एका बाजूलाही तो जन्मभर राहतो, आणि त्यातून होणारा न्यूमोनिया हाच या ऑपरेशनचा मोठा तोटा; तो शब्द कागदावर हवा. टाका सुटणं किंवा म्हाताऱ्या कूर्चेचा तुकडा पडणं शक्य असतं, तेव्हा फेरऑपरेशनचा खर्च कुणाचा, तेही विचारा. मागच्या पायांची कमजोरी याने बरी होत नाही. कुत्र्याला दिवसाही धाप लागत नसेल, तर वजन उतरवणं, गळपट्ट्याऐवजी छातीचा हार्नेस आणि थंड खोली यावरही काही कुत्री चालतात. तुमच्या कुत्र्याच्या बाबतीत, 107 नंतर, मला ते पुरेसं वाटत नाही.

मुंबईला एसी गाडीने रात्री निघा. रेल्वेच्या लगेज डब्यातली कुत्र्याची पेटी या आजारात टाळाच. वाटेत धाप वाढलीच तर आधी अंग साध्या पाण्याने भिजवून पंख्याचा किंवा एसीचा वारा द्या, मग दवाखाना, ताप 103.5 ला आला की भिजवणं थांबवा. घरी आल्यावर खाणं छोट्या गोळ्यांत, पोहणं बंद. खोकला, ताप किंवा जलद श्वास दिसला तर त्याच दिवशी डॉक्टर. त्या उपचाराची बिलं वेगळ्या पाकिटात ठेवा, बोर्डिंगच्या फाइलमध्ये मिसळू नका.