कर्ज काढून अजून दोन गायी घ्याव्यात का?

प्रश्न: माझ्याकडे ४ गायी आहेत, त्यातली १ सध्या भाकड. रोज साधारण ४० लिटर दूध जातं, दर ३६ रुपये मिळतो. चारा, खुराक सगळं विकतचं. सगळं देऊन महिन्याला जेमतेम ३ हजार उरतात. १ लाख ६० हजार कर्ज काढून १५-१५ लिटरच्या दोन गायी घ्यायचं चाललंय, हप्ता ५,२०० येईल, ३ वर्षं. घेऊ का? हिशोबाची वही वगैरे काही नाही, डेअरीच्या पावत्या तेवढ्या आहेत.

उत्तर: आत्ता नको. का ते तुमच्याच आकड्यांवरून सांगतो, जे तुम्ही दिलेले नाहीत ते मी अंदाजाने धरलेत, तिथे तुमचे खरे टाका आणि परत करून बघा.

आधी खर्चाचे दोन भाग करायचे, ही एक गोष्ट जमली की बाकी सगळं भागाकार आहे. एक खर्च गाय नुसती गोठ्यात उभी आहे म्हणून होतो, दूध देवो न देवो. चारा दिवसाला १३० रुपये धरू आणि शरीर चालण्यापुरता २ किलो खुराक, ३० रुपये किलोने ६०, म्हणजे एका गायीचे रोजचे १९०. दुसरा खर्च दुधाबरोबर वाढतो: साधारण अडीच लिटरमागे १ किलो खुराक जास्त लागतो, म्हणजे लिटरला १२ रुपये. ३६ मधून १२ गेले, उरले २४. हे २४ रुपये लक्षात ठेवा, प्रत्येक लिटर बाकीचा सगळा खर्च भागवायला एवढेच देतो, ३६ नाही.

आता चार गायींचे १९० प्रमाणे महिन्याचे २२,८०० आणि औषध, डॉक्टर, लाईट, किरकोळ मिळून ३,००० धरले तर २५,८००. याला २४ ने भागा, येतात १,०७५ लिटर, म्हणजे रोज ३६. हा तुमचा ब्रेक-इव्हन, ना नफा ना तोटा. तुम्ही ४० ला आहात, वरच्या ४ लिटरचे महिन्याला २,८८० होतात, तुम्ही म्हणता तेच ३ हजार, म्हणजे धरलेले आकडे फार चुकत नाहीयेत.

पण यात तुमची आणि घरच्यांची मेहनत शून्य रुपयाला धरलीय आणि गायींची किंमत दर वेताला उतरते तीही धरलेली नाही. मेहनतीचे ७,२०० आणि किंमत उतरण्याचे ३,००० घातले की खर्च ३६,००० होतो आणि ब्रेक-इव्हन थेट रोज ५० लिटरवर जातो. दोन्ही आकडे वहीत ठेवायचे, पहिला सांगतो या महिन्यात उधारी करावी लागेल का, दुसरा सांगतो हा धंदा आहे की फुकटची नोकरी. आणि दर ३ रुपयांनी उतरला तर २४ चे २१ होतात आणि पहिलाच आकडा ४१ वर जातो, म्हणजे आजच तोटा.

आता नवीन गायी. दोघींचं रोजचं खाणं महिन्याला ११,४००, वरखर्च १,०००, हप्ता ५,२००, एकूण १७,६००. भागिले २४ म्हणजे ७३३ लिटर, गायीमागे रोज जवळपास सव्वाबारा. तुम्ही म्हणाल १५ देणार आहे, मग अडचण काय? अडचण ही की विकणारा सांगतो ते व्यायल्यानंतरच्या दीड-दोन महिन्यांतलं सगळ्यात जास्तीचं दूध, नंतर ते उतरतच जातं. अख्ख्या वेताचा अंदाज काढायला ढोबळ हिशोब असा की सगळ्यात जास्तीचं रोजचं दूध गुणिले २००, म्हणजे १५ ची गाय वेतात ३,००० लिटरच्या आसपास. आणि दोन वेतांत १३ महिन्यांचं अंतर पडलं, म्हणजे सुमारे ३९५ दिवस, तर भाकड दिवस धरून सरासरी पडते रोज साडेसात लिटर. कुठे सव्वाबारा आणि कुठे साडेसात. हप्ता बाजूला ठेवला तरी गायीमागे साडेआठ लागतात, म्हणजे कर्ज फिटल्यावरही त्या खाणं आणि औषधपाणी भागवत नाहीत. पहिले दोन-तीन महिने मात्र हातात पैसा खेळेल, तिथेच माणूस फसतो.

मग वही. फार काही नको, प्रत्येक गायीला एक पान. आठवड्यातून एक दिवस ठरवून त्या दिवशी सकाळ-संध्याकाळ प्रत्येकीचं दूध वेगळं मोजा, डेअरीच्या पावतीवर सगळ्यांचं एकत्र येतं त्यामुळे कोण कमावतंय कोण खातंय ते कळतच नाही. घरी ठेवलेलं आणि वासराला पाजलेलंही लिटरमध्ये लिहा आणि डेअरीच्याच दराने धरा. खुराक टोपल्याने घालत असाल तर एकदा ते टोपलं वजनकाट्यावर ठेवा, दोन किलो समजून तीन जात असतो असं बऱ्याच गोठ्यांत निघतं. दर लिहिताना पावतीवरचा सरासरी लिहा, फॅट वरखाली झालं की तो बदलतो. उद्या घरचा चारा घातलात तर तोही बाजारात ज्या भावाने गेला असता त्या भावाने लिहा, फुकट नाही.

आठवड्याचं माप आलं की एक साधी रेघ मारा: ८ लिटर. १९० भागिले २४ म्हणजे जवळपास तेवढेच, त्याखालची गाय त्या दिवशी स्वतःचं खाणंसुद्धा भागवत नाही. लगेच विकायची असं नाही हं, गाभण असून व्यायला आली असेल तर तिचा तो आराम हवाच, साधारण ६० दिवस आधी आटवावंच लागतं. पण ८ च्या खाली आणि गाभणही नाही, तिचं काय करायचं ते पक्कं ठरवा.

त्याच पानावर तारखा हव्यात: कधी व्यायली, कधी माजावर आली, कधी भरवली. भरवल्यापासून २१ व्या दिवसाच्या आसपास परत माजावर येते का बघायचं आणि दोन-तीन महिन्यांनी डॉक्टरकडून तपासून घ्यायचं. एक माज चुकला की पुढचं वेत २१ दिवस लांबतं, ते दिवस वेताच्या शेपटाला जोडले जातात जेव्हा दूध आटलेलं असतं, २१ गुणिले १९० म्हणजे जवळपास ४ हजार. तुमची महिन्याची शिल्लक ३ हजार! तुमची ती भाकड गाय कधी व्यायली होती आणि गाभण आहे का, हे तारखेसकट सांगता येत नसेल तर पैसा गळतोय तो बहुतेक तिथूनच.

तीन महिने एवढं लिहा. चौघींपैकी एक नक्की रेघेखाली दिसली तर तिचे पैसे आणि थोडी भर घालून एकच बरी गाय घ्या, कर्ज लागलंच तर छोटं. घेताना सकाळ, संध्याकाळ आणि परत दुसऱ्या दिवशी सकाळ अशा तीन धारा समोर उभं राहून मोजून घ्या, पहिली धार सोडून द्या कारण आदल्या वेळचं दूध मुद्दाम तुंबवलेलं असू शकतं, पुढच्या दोनांची बेरीज खरी. व्यायल्याची तारीखही विचारा, ती बेरीज दीड-दोन महिन्यांच्या व्यायलेल्या गायीची असेल तर तिला २०० ने गुणा, मगच भाव बोला.