आभारांतूनच पुस्तक डोकवू द्या

प्रश्न: पुढच्या महिन्यात माझ्या पहिल्या कथासंग्रहाचं प्रकाशन आहे. मनोगताला सहा मिनिटं दिली आहेत. आभार कसे मानू आणि कथा न सांगता पुस्तकाबद्दल काय बोलू?

उत्तर: माझाही पहिला संग्रह कथांचाच होता, एसटी डेपोभोवती फिरणाऱ्या. मनोगतासाठी मी आधी तेवीस नावांची यादी काढली. घरी वाचून दाखवली तर बायको म्हणाली, "ही काय लग्नपत्रिका आहे?" सभागृह, माईक, चहा यांचे आभार मानायला शेवटी आभारप्रदर्शन असतंच, हे तेव्हा लक्षात आलं. मग मी फक्त पाच जण ठेवले, ज्यांच्यामुळे पुस्तकातलं काहीतरी बदललं होतं. प्रत्येकाने नेमकं काय केलं ते सांगितलं की कथा आपोआप डोकावते.

उदाहरणार्थ, एका निवृत्त कंडक्टरकाकांनी मला त्यांची जुनी तिकीटपेटी आठवडाभर वापरायला दिली होती. त्यांच्याबद्दल मी एवढंच बोललो: "काकांच्या पेटीत एक तिकीट पंच न केलेलं राहिलं होतं. ते कोणाचं, हे त्यांनी मला सांगितलं नाही. म्हणून मला चौथी कथा लिहावी लागली." मुद्रितशोधक बाईंचे आभार असे मानले: "माझं एक पात्र मे महिन्यात भिजलेली छत्री घेऊन बसमध्ये चढत होतं. बाईंनी समासात प्रश्नचिन्ह काढलं. छत्री मी तशीच ठेवली, पण कारण शोधावं लागलं." छत्री का भिजली ते सांगितलं असतं तर कथाच संपली असती. उलट 'माणुसकीचं दर्शन घडवणाऱ्या कथा' असं काही म्हणालात तर कोणालाच कुतूहल वाटत नाही.

उतारा वाचणार असाल तर दीड मिनिटापेक्षा जास्त नको, आणि तो कथेच्या पहिल्या तृतीयांशातला घ्या. कोणीतरी दार ठोठावतं आणि ते उघडायच्या आत थांबायचं. मी मात्र प्रकाशन झालेली, नुकतीच रिबीन सोडलेली कोरी प्रत हातात घेतली. पान सापडेना, नवी बांधणी सारखी मिटत होती, माईक दुसऱ्या हातात. तुमची खुणेची प्रत आधीच पोडियमवर ठेवा. घरी घड्याळ लावून वाचताना पाच मिनिटं भरली की पुरे. स्टेजवर टाळ्या आणि घसा खाकरणं यात सहावं जातं.

आणि एक गोष्ट मला सुचलीच नव्हती. पाहुण्यांनी पुस्तक आधीच वाचलेलं असतं आणि ते आपल्यानंतर बोलतात. आमच्या पाहुण्यांनी कौतुकाच्या भरात छत्रीचं गुपित फोडलं. आदल्या दिवशी फोन करून, "अमुक कथेचा शेवट तेवढा झाकून ठेवाल का?" असं विचारायला संकोच वाटतो, पण विचारा. त्या संध्याकाळी विक्रीच्या टेबलावर छत्रीबद्दल कोणी अवाक्षर काढलं नाही. तिकीट कोणाचं ते मात्र तिघांनी विचारलं.