बीसीआर-एबीएल वाढलाय, म्हणजे औषध संपलं का?

«वडिलांना सीएमएल आहे, दोन वर्षांपासून इमॅटिनिब ४०० चालू आहे. मागच्या वेळी बीसीआर-एबीएल ०.०४ टक्के होता, आता ०.१९ आलाय. लॅबवाले फक्त “वाढलाय” म्हणतात. डॉक्टरांची वेळ पुढच्या आठवड्यातली आहे. औषध बदलावं लागेल का? आम्ही मुंबईत असतो.»

मी डॉक्टर नाही, पण बरीच वर्षं याच आजाराची, म्हणजे सीएमएल या रक्ताच्या कर्करोगाची गोळी घेते आहे आणि नेमक्या अशाच आकड्याने मला चुकीच्या रस्त्याला नेलं होतं, म्हणून सविस्तर लिहिते.

बीसीआर-एबीएल म्हणजे या आजाराच्या बिघडलेल्या जीनचं रक्तातलं प्रमाण, आजार किती उरलाय ते त्यावरून कळतं. आधी एवढं पाहा की दोन्ही रिपोर्ट एकाच लॅबचे आहेत का, आणि दोन्हींवर आकड्यापुढे आयएस, म्हणजे आंतरराष्ट्रीय मापपट्टी, असं छापलंय का. औषध सुरू झाल्यापासून तीन महिन्यांना १० टक्क्यांच्या आत, सहाला १ च्या आत आणि वर्षाला ०.१ च्या आत हे टप्पे तुम्हाला डॉक्टरांनी सांगितले असतीलच. ते सगळे या मापपट्टीवरचे आहेत. प्रत्येक लॅबच्या मशीनचा कच्चा आकडा वेगळा येतो. त्याला त्या लॅबच्या स्वतःच्या गुणकाने गुणलं की मगच तो टप्प्यांशी ताडून पाहता येतो.

माझा आकडा ०.०५ वर स्थिर होता. मग घराजवळच्या कलेक्शन सेंटरने नमुने दुसऱ्या लॅबला पाठवायला सुरुवात केली आणि मला सांगितलंही नाही. रिपोर्ट आला ०.३१. सहापट! काउंटरवर विचारलं तर उत्तर मिळालं, “रिपोर्टमध्ये आहे तेवढंच, मॅडम.” तेव्हा मी ज्यांच्याकडे जात होते त्या डॉक्टरांनी त्या एका कागदावर इमॅटिनिब बंद करून डॅसाटिनिब सुरू केलं. काही महिन्यांत फुप्फुसाभोवती पाणी झालं. हा त्या गोळीचा माहीत असलेला दुष्परिणाम आहे. पुढे दुसऱ्या डॉक्टरांनी त्या लॅबकडून गुणक मागवला, तो ०.३ निघाला. म्हणजे खरा आकडा ०.३१ गुणिले ०.३, साधारण ०.०९३. ०.१ ची रेघ मी ओलांडलीच नव्हती! ०.०५ आणि ०.०९ मधला फरक तर एकाच लॅबमध्येसुद्धा येऊ शकतो. इतक्या खालच्या पातळीवर ही चाचणी दुप्पट-तिप्पट इकडेतिकडे होते. त्या सेंटरचा राग अजून गेलेला नाही. एका ओळीची सूचना दिली असती तर माझ्या छातीतून पाणी काढावं लागलं नसतं.

आता तुमचे दोन्ही आकडे एकाच लॅबचे आणि आयएसवरचेच असतील, तर वाढ सुमारे पाचपट आहे आणि ०.१ ची रेघ ओलांडली आहे. हे दुर्लक्ष करण्यासारखं नाही. पण युरोपियन तज्ज्ञांच्या २०२० च्या शिफारशींत याला ‘इशारा’ म्हणतात, ‘अपयश’ नाही. अपयश म्हणजे एव्हाना १ टक्क्याच्या वर जाणं किंवा औषधाला दाद न देणारं म्युटेशन, म्हणजे त्या जीनमधला बदल, सापडणं. इशाऱ्याला उत्तर म्हणजे त्याच लॅबमध्ये चाचणी लवकर पुन्हा करणं, साधारण महिन्या-दीड महिन्यात. नेहमीच्या तीन महिन्यांची वाट पाहू नका. रक्त जांभळ्या झाकणाच्या ट्यूबमध्ये घेतात आणि त्यातला आरएनए लवकर खराब होतो. म्हणून शक्यतो सोमवार ते गुरुवार सकाळी थेट लॅबमध्ये जाऊन द्या. शनिवारी दिलेला नमुना सोमवारपर्यंत पडून राहू शकतो.

तोवर घरात एक काम करा. वडिलांना “गोळी घेता ना?” असं विचारू नका, उत्तर “हो”च येईल. पाकिटावरची खरेदीची तारीख आणि उरलेल्या गोळ्या यांचा हिशेब मांडा. मळमळ, पायात गोळे, डोळ्यांभोवती सूज यांना कंटाळून माणसं गुपचूप गोळ्या गाळतात, आणि आकडा वाढण्याचं हे फार नेहमीचं कारण आहे. शिवाय मधल्या काळात कुणी दुसरं औषध दिलंय का तेही बघा. टीबीसाठीचं रिफॅम्पिसिन आणि फिटची फेनिटॉइन ही दोन्ही इमॅटिनिबची रक्तातली पातळी बरीच खाली आणतात. मुंबईत टीबीचं औषध छातीचे डॉक्टर लिहून देतात आणि रक्ताच्या डॉक्टरांना पत्ताच नसतो, असं सहज होतं. मात्र तसं काही सापडलं तरी ते औषध स्वतःहून थांबवू नका, दोन्ही डॉक्टरांना एकमेकांशी बोलायला लावा.

पुन्हा केलेली चाचणीही वाढलेली आली आणि गोळ्यांचा हिशेब चोख असला, तर म्युटेशनची तपासणी करायची की नाही हे डॉक्टरांना विचारा. गोळी बदलण्याआधी विचारा, कारण कोणती गोळी निवडायची ते त्यावर ठरू शकतं. टी३१५आय नावाचं म्युटेशन निघालं तर इमॅटिनिब, डॅसाटिनिब, निलोटिनिब तिन्ही चालत नाहीत. पण ०.१९ सारख्या पातळीवर तपासायला पुरेसा माल मिळेलच असं नाही, म्हणून आज घाईने स्वतःहून पैसे भरून ती करून घेऊ नका. डॉक्टरांकडे जाताना आजवरचे सगळे रिपोर्ट तारखेप्रमाणे लावून न्या आणि प्रत्येकावर लॅबचं नाव पेनाने ठळक लिहा.