वर छत, खाली जमीन: ईटीएफचा भाव एनएव्हीला धरून का राहतो?

ईटीएफचा, म्हणजे शेअर बाजारात खरेदी-विक्री होणाऱ्या फंडाचा, भाव बाजारात मागणी-पुरवठ्यावर ठरतो म्हणतात. मग तो एनएव्हीच्या, म्हणजे फंडाच्या आतल्या मालाच्या दर युनिट मूल्याच्या, इतका जवळ कसा राहतो? फंड कंपनी स्वतः खरेदी-विक्री करून भाव सांभाळते का?

नाही, फंड कंपनी बाजारात उतरतच नाही. भाव जागेवर राहतो तो त्यात कुणाचा तरी नफा दडलेला असतो म्हणून.

फंडाशी थेट व्यवहार करण्याचा करार काही मोजक्या मोठ्या संस्थांनी केलेला असतो. त्यांना ऑथराइज्ड पार्टिसिपंट म्हणतात. आपण सोयीसाठी ‘एपी’ म्हणू. रोज सकाळी बाजार उघडण्यापूर्वी फंड एक यादी जाहीर करतो. एका क्रिएशन युनिटसाठी, म्हणजे युनिटांच्या एका ठरलेल्या गठ्ठ्यासाठी, कोणते शेअर, किती संख्येने आणि किती रोख द्यायची हे त्यात असतं. ही झाली बास्केट. एपीने ती आणून दिली की फंड तेवढ्या मूल्याची नवी ईटीएफ युनिटं त्याच्या हाती ठेवतो. हे क्रिएशन. उलट, एपीने युनिटांचा गठ्ठा परत केला तर फंड ती युनिटं रद्द करून शेअर देतो. हे रिडेम्प्शन. गठ्ठा मोठा असतो. १९९३ साली अमेरिकेत सुरू झालेल्या एसपीवाय या ईटीएफमध्ये तो ५०,००० युनिटांचा आहे.

आता एक कल्पित फंड घेऊ. गठ्ठा ५०,००० चा, आतल्या शेअरांचं मूल्य दर युनिटला २०० डॉलर, पण खरेदीचा जोर आल्यामुळे बाजारात भाव २००.६० झाला आहे. एपी काय करतो? एका हाताने ईटीएफची युनिटं विकत सुटतो आणि दुसऱ्या हाताने त्याच क्षणी बास्केटमधले शेअर उचलतो. युनिटं अजून त्याच्याकडे नसतात, तो ती आधी विकून मोकळा होतो. मग दिवसाच्या ठरलेल्या वेळेआधी फंडाकडे क्रिएशनची मागणी नोंदवतो, शेअर फंडाला देतो आणि मिळालेल्या युनिटांनी आपली विक्री पुरी करतो.

त्याच्याच विक्रीमुळे भाव खाली येऊ लागतो. म्हणून सगळी युनिटं काही २००.६० ला जात नाहीत, सरासरी २००.४० पडली असं धरू. विक्रीतून १ कोटी २० हजार डॉलर आले, बास्केट १ कोटीची, म्हणजे हाती २०,००० डॉलर. त्यातून शेअर खरेदीचा खर्च, समजा ५,००० आणि फंडाची क्रिएशन फी ३,००० वजा केली की १२,००० उरतात. काही मिनिटांच्या कामासाठी आणि जवळजवळ बिनजोखमीचे. एकाला हे दिसलं की दुसऱ्यालाही दिसतं, दोघेही विकतात आणि फरक मिटत जातो.

हा नफा कुणाच्या खिशातून आला हे नीट पाहा. फंडाने बास्केट घेताना आणि युनिटं देताना दोन्हीकडे एनएव्हीच धरली, त्यामुळे जुन्या युनिटधारकांचं काही गेलं नाही. पैसे गेले ते घाईने २००.६० ला खरेदी करणाऱ्याचे. भाव १९९.४० ला घसरला असता तर हाच खेळ उलटा झाला असता: बाजारातून स्वस्त युनिटं उचलायची, फंडाला परत द्यायची, मिळालेले शेअर विकायचे. म्हणजे क्रिएशन हे भावाच्या डोक्यावरचं छत आणि रिडेम्प्शन ही पायाखालची जमीन.

माझ्या ईटीएफमध्ये एनएव्ही आणि भावात रोज थोडासा फरक दिसतोच. पूर्ण शून्य का होत नाही?

कारण तो मिटवणं कुणालाच परवडत नाही. वरच्या उदाहरणात एका गठ्ठ्यामागे खर्च ८,००० डॉलर होता, म्हणजे दर युनिटला १६ सेंट. भाव १९९.८४ ते २००.१६ च्या दरम्यान कुठेही असला तरी एपी हात हलवणार नाही. हा पट्टा म्हणजे यंत्रणेचा निष्काळजीपणा नव्हे, ती तिची किंमत आहे.

पट्टा किती रुंद, हे आत काय आहे त्यावर ठरतं. भरपूर उलाढालीच्या मोठ्या शेअरांचा तो केसाएवढा असतो. छोट्या कंपन्यांचे शेअर किंवा कमी व्यवहार होणारे रोखे असले की बास्केट जमवायलाच जास्त खर्च येतो आणि पट्टा पसरतो. आणखी एक बारकावा: क्रिएशन फी बहुधा गठ्ठ्यावर नसून मागणीवर असते. एपीने एकाच मागणीत चार गठ्ठे घेतले तर तीच ३,००० ची फी दोन लाख युनिटांवर वाटली जाते आणि दर युनिटचा खर्च १६ वरून साडेअकरा सेंटांवर येतो. मोठ्या, गजबजलेल्या फंडांचा भाव एनएव्हीला अधिक चिकटून असतो त्याचं हे एक साधं कारण. छोट्या फंडात एक अख्खा गठ्ठा खपवायलाच एपीला दिवस जाऊ शकतो आणि तोवर जोखीम त्याच्या अंगावर असते.

मी १०० युनिटं घेतली तर फंडाला तेवढ्याचे शेअर घ्यावे लागतात का?

नाही. तुमची १०० युनिटं आधीच कुणाकडे तरी असतात. ती त्याच्या खात्यातून तुमच्या खात्यात येतात, फंडाला पत्ताही लागत नाही. दिवसभरातल्या बहुतेक उलाढालीचं असंच असतं. खरेदी करणाऱ्यांचा आणि विकणाऱ्यांचा जोर सारखा असला तर एकही नवा गठ्ठा घडत नाही. एकाच बाजूला ताण आला, तरच तो फंडाच्या दारापर्यंत पोचतो.

मार्च २०२० मध्ये रोख्यांचे मोठमोठे ईटीएफसुद्धा एनएव्हीपेक्षा बरेच खाली गेले होते. तेव्हा यंत्रणा मोडली होती ना?

मला उलट वाटतं: तेव्हा खोटी पडली होती ती एनएव्ही.

एलक्यूडी हा उत्तम पत असलेल्या कंपन्यांचे रोखे धरणारा अमेरिकेतला मोठा ईटीएफ. त्या महिन्यात तो सुमारे ५ टक्के डिस्काउंटला, म्हणजे एनएव्हीपेक्षा तेवढा खाली, बंद झाल्याचे दिवस आले. अशा फंडात शेकडो रोखे असतात आणि त्यातल्या कितींचा तरी शांत दिवसांतही एकही व्यवहार होत नाही. मग एनएव्ही काढताना त्यांचा भाव कुठून आणतात? किंमत सांगणाऱ्या सेवा तशाच इतर रोख्यांवरून अंदाज बांधतात. घबराटीत हा अंदाज मागे राहतो. ईटीएफचा भाव मात्र त्या क्षणी खऱ्या पैशांनी ठरत होता.

आता एपीच्या जागी उभे राहा. पडद्यावर ५ टक्के डिस्काउंट दिसतोय. स्वस्त युनिटं घेऊन फंडाला दिली तर हाती पडणार रोखे, कागदावर १०० चे. पण ते विकायला गेलं तर ९५ च्या वर कुणी फोनही उचलत नाही. मग नफा आहे कुठे? वर प्रत्येक बँक आपल्या खात्यावरची जोखीम कमी करत असताना रोख्यांचा ढीग कोण अंगावर घेणार? करारानुसार एपीला व्यवहार करण्याचा अधिकार असतो. क्रिएशन किंवा रिडेम्प्शन करायलाच हवं असं बंधन नसतं. हे पुष्कळांना ठाऊक नसतं, आणि माहितीपत्रकात मात्र ते स्पष्ट लिहिलेलं असतं.

२३ मार्चला अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेने कंपन्यांचे रोखे आणि असे ईटीएफसुद्धा विकत घेण्याची घोषणा केली. रोख्यांना गिऱ्हाईक आहे हे दिसताच डिस्काउंट विरला. म्हणून डिस्काउंट दिसला की आधी विचारावं: आतल्या वस्तूचा शेवटचा खरा व्यवहार कधी झाला?

भाव मूल्यापासून दूर गेला आणि परत आलाच नाही, असंही होतं का?

होतं, पण तेव्हा यंत्रणेचा अर्धा भाग बंद असतो. दोन घटना सांगतो. त्यातली दोन्ही साधनं तेव्हा काटेकोर अर्थाने ईटीएफ नव्हती, पण त्यामुळेच ती शिकवून जातात.

पहिली छताची. टीव्हीआयएक्स हे बाजाराच्या अस्थिरतेवर दुप्पट पैज लावणारं साधन होतं. ही ईटीएन, म्हणजे शेअर बाजारात खरेदी-विक्री होणारं बँकेचं कर्जपत्र. फेब्रुवारी २०१२ मध्ये ते काढणाऱ्या क्रेडिट स्विस बँकेने नवी युनिटं देणं थांबवलं. पुरवठा गोठला, मागणी चालू राहिली. मार्चमध्ये भाव मूल्यापेक्षा ८० टक्क्यांहून जास्त वर गेला होता. नवी युनिटं पुन्हा देण्याची घोषणा झाली आणि तिच्या आधीचा व नंतरचा असे दोन दिवस मिळून भाव जवळजवळ निम्म्यावर आला. आतलं मूल्य काही निम्मं झालं नव्हतं. फक्त छत परत बसलं.

दुसरी जमिनीची, आणि ही जास्त संथ. ग्रेस्केल बिटकॉइन ट्रस्टमध्ये युनिटं परत देऊन बिटकॉइन घेण्याची सोय नव्हती. नवी युनिटं खासगीरीत्या मोठ्या गुंतवणूकदारांना मिळत, पण काही महिने विकता येत नसत. भाव वर्षानुवर्षं मूल्याच्या वर होता, कारण शेअर बाजारातून बिटकॉइन घ्यायचा दुसरा सोपा रस्ताच नव्हता. २०२१ च्या सुरुवातीला चित्र उलटलं आणि डिसेंबर २०२२ मध्ये डिस्काउंट ५० टक्क्यांच्या जवळ पोचला. आत खरे बिटकॉइन होते आणि त्यांचा भाव क्षणोक्षणी सगळ्यांना दिसत होता, तरी अर्ध्या किमतीत युनिटं पडून होती. स्वस्त घेऊन द्यायची कुणाला?

११ जानेवारी २०२४ ला तोच ट्रस्ट ईटीएफ म्हणून व्यवहारात आला आणि रिडेम्प्शन सुरू झालं. मंजुरीची आशा वाढू लागली तसा डिस्काउंट आधीपासूनच आटत होता. दार उघडलं तेव्हा तो जवळजवळ नाहीसा झाला. वस्तू तीच, मालक तेच, फक्त बाहेर पडायचा रस्ता नवा.

खरेदी करताना भाव मूल्याला धरून आहे की नाही, हे मला कसं कळेल?

पुष्कळ ईटीएफचं आय-एनएव्ही, म्हणजे एनएव्हीचा त्या क्षणाचा अंदाज, बाजार चालू असताना जाहीर होतं. अमेरिकेत ते साधारण दर १५ सेकंदांनी येतं. आतल्या शेअरांचा बाजार त्या वेळी चालू असेल तर त्यावर बऱ्यापैकी विसंबावं. तो बाजार दुसऱ्या खंडात असून बंद असेल तर आय-एनएव्हीमध्ये कालचेच भाव असतात आणि दिसणारा प्रीमियम, म्हणजे मूल्यापेक्षा जास्तीचा भाव, ही बऱ्याचदा उद्याच्या भावाची चाहूल असते. बाजार उघडल्यावरची पहिली काही मिनिटंही टाळावीत, कारण आतले सगळे शेअर तोवर सुरू झालेले नसतात आणि मार्केट मेकर, म्हणजे सतत खरेदी-विक्रीचे भाव देणाऱ्या संस्था, त्या दोन भावांतलं अंतर मुद्दाम रुंद ठेवतात.

प्रीमियम एखादा दिवस न राहता आठवडाभर एकाच दिशेला टिकला, तर फंडाच्या सूचना उघडून बघा. क्रिएशन थांबवल्याची ओळ तिथे सापडली तर विक्रीची ऑर्डर ठीक, खरेदीची मात्र मी टाकणार नाही.