कोड, कोढ आणि पायमोजे

"ताई, हिच्या पाठीवर पांढरे डाग आलेत. औषध लावून महिना झाला, डाग तसेच. म्हणजे कोडच ना? आता पसरणार का? आणि स्थळांना काय सांगायचं?"

इंदूरच्या मराठी घरांतून हा प्रश्न माझ्याकडे सारखा येतो, पावसाळा सरता सरता जरा जास्तच. तेवीस-चोवीस वर्षांच्या मुलीची आई रामबागेतून आली होती. मुलगी शेजारी बसलेली, ऑक्टोबरच्या उकाड्यातही पायांत मोजे. ते मला दिसले होते, पण त्यांचा अर्थ लावायला दोन भेटी गेल्या, हे कबूल करते.

मी म्हटलं, "काकू, नाव नंतर ठेवू. आधी डाग कसे आहेत ते सांगा." माझी ही जुनी सवय आहे: आधी वर्णन, मग नाव. नाव आधी आलं की डोळे पाहायचं सोडून देतात.

वर्णन असं निघालं. पाठीवर, खांद्यांवर लहान लहान गोल डाग, काही एकमेकांत मिसळलेले. रंग पांढुरका, दुधासारखा नाही. औषधाआधी नखाने हलकं खरवडलं की कोंडा निघायचा. ही शिबं. ज्या बुरशीमुळे ती होतात, ती आपल्या सगळ्यांच्याच त्वचेवर असते. घाम आणि तेलकटपणा मिळाला की ती माजते आणि रंग तयार करणाऱ्या पेशींचं काम मंदावते. त्वचारोगतज्ज्ञांनीही कोंडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहून हेच सांगितलं होतं आणि कीटोकोनॅझोलचा शाम्पू मानेपासून कमरेपर्यंत फेसाळून पाच मिनिटं ठेवायला दिला होता.

"मग डाग का गेले नाहीत?"

"कोंडा निघतो का अजून?"

"नाही."

"म्हणजे बुरशी गेली. रंग परतायला काही आठवडे, कधी काही महिने लागतात. पुढच्या उन्हाळ्या-पावसाळ्यात शिबं पुन्हा येऊही शकतात. आली म्हणून ती कोड होत नाहीत."

आईचा चेहरा सैलावला. मुलीचा नाही. इथे मी थांबायला हवं होतं, पण मी आणखी पंधरा मिनिटं शिबांवर बोलत राहिले.

तिसऱ्या भेटीला ती एकटी आली. मी फक्त विचारलं, "मोजे काढतेस?" बराच वेळ ती खिडकीकडे पाहत राहिली. मग काढले. उजव्या घोट्यावर, सँडलचा पट्टा घासतो तिथे, खडूसारखा शुभ्र डाग. कडा पेन्सिलीने आखल्यासारखी, त्वचा गुळगुळीत, कोंडा नाही. डाव्या घोट्यावर तसाच, थोडा लहान. हे मात्र कोडासारखं दिसत होतं. कोड बरेचदा दोन्ही बाजूंना जोडीने येतं. डोळे-ओठांभोवती, बोटांवर, कोपर-गुडघ्यांवर, आणि जिथे घासतं किंवा लागतं तिथे.

"आजी घरात कोड म्हणाली," ती म्हणाली, "आणि वरच्या आंटींनी कोढ ऐकलं. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी मुलाला आमच्याकडे पाठवणं बंद केलं."

तिथे मला गाठ सापडली. एवढी वर्षं इंदुरात हे काम करतेय, पण दोन भाषांच्या उंबरठ्यावर एक अक्षर इतकं चावतं हे तोवर लक्षात आलं नव्हतं. मराठीत कोड म्हणजे त्वचेचा रंग जाणं. हिंदीत कोढ म्हणजे महारोग. महारोगाच्या चट्ट्यावर स्पर्श बोथट होतो. मी तिला डोळे मिटायला लावून कापसाचा बोळा डागावरून फिरवला. "कळतंय?" ती हसली, "गुदगुल्या होतायत." तिने बोळा मागून घेतला आणि स्वतः चार वेळा फिरवून पाहिला.

मग पुन्हा डॉक्टर. काळोख्या खोलीत खास दिव्याखाली घोट्यावरचे डाग निळसर पांढरे झळाळले, कोडच ठरलं. कोडात शरीराची संरक्षण यंत्रणाच रंगपेशींवर उलटते. ते स्पर्शाने पसरत नाही, दूध-मासे एकत्र खाल्ल्याने होत नाही. डॉक्टरांनी थायरॉइडची तपासणी करायला सांगितली, कारण दोन्ही कधी कधी सोबत आढळतात. पसरेल का, हे आज कोणी छातीठोक सांगू शकत नाही. म्हणून दर दोन महिन्यांनी त्याच उजेडात फोटो काढायचा ठरलं. उपचार म्हणजे टॅक्रोलिमसचं मलम आणि आठवड्यातून दोनदा अतिनील किरणं, तीही महिनोन्‌महिने. चेहऱ्यावर रंग लवकर परततो. बोटांची टोकं, ओठ, पावलं हट्टी असतात. घासणारी सँडल मात्र त्याच दिवशी बदलली.

स्थळांचं? मी तिला एक वाक्य तयार करायला लावलं. ते तिने आधी वरच्या आंटींवर वापरलं: "आंटी, कोढ नहीं है, सफेद दाग है. छूने से नहीं होता." मुलगा दोन दिवसांनी परत खेळायला आला.

मार्चपर्यंत पाठ एकसारखी झाली होती. डाव्या घोट्यावरच्या डागात केसांच्या मुळांशी तपकिरी ठिपके उगवले होते, मोजून सात. उजवा अजून पांढराच आहे.