कंट्रोलर स्थिर असताना नेम सरकतो, काय करावं?

प्रश्न: स्विचवर स्प्लाटून ३ खेळतो. प्रो कंट्रोलर टेबलावर ठेवला, स्टिकला हातही लावला नाही, तरी नेम हळूहळू उजवीकडे सरकतो. Y दाबलं की जागेवर येतो, पुन्हा सरकतो. काय करू?

उत्तर: आधी दोष कुठे आहे ते बघा. गेमच्या Options मध्ये Motion Controls बंद करा आणि कंट्रोलर ठेवून द्या. तरीही नेम सरकला तर दोष स्टिकचा आहे, त्यासाठी Calibrate Control Sticks आहे. थांबला तर जायरोचा, आणि पुढचं सगळं त्याबद्दलच.

जायरो म्हणजे कंट्रोलरच्या आतला वळणं ओळखणारा सेन्सर. कंट्रोलर कुठे वळलाय ते तो मोजत नाही, किती वेगाने वळतोय ते मोजतो. स्थिर असताना त्याने शून्य सांगायला हवं, पण प्रत्येक सेन्सर थोडं काहीतरी सांगतोच. गेम ते खरं मानून बेरीज करत जातो. सेकंदाला अर्धा अंश एवढीशी चूक असली तरी तीन मिनिटांत नेम ९० अंश, म्हणजे काटकोनात फिरतो. Y दाबल्याने फक्त झालेली बेरीज पुसली जाते, चूक तशीच राहते.

तुमचा नेम आडवाच का सरकतो, याचंही कारण आहे. आतला दुसरा सेन्सर, अ‍ॅक्सेलरोमीटर, गुरुत्वाकर्षणावरून 'खाली' कुठे ते ओळखतो, त्यामुळे वर-खालची चूक सावरता येते. डावं-उजवं मात्र गुरुत्वाकर्षणावरून कळत नाही.

कॅलिब्रेशन म्हणजे 'आत्ता जे वाचतोयस ते शून्य धर' असं सेन्सरला सांगणं. System Settings → Controllers and Sensors → Calibrate Motion Controls इथे जा, कंट्रोलर सपाट जागी स्टिक वर करून ठेवा आणि + किंवा − दाबून धरा. जॉय-कॉन असतील तर ते कन्सोलपासून काढून ठेवावे लागतात.

मी पहिल्यांदा हे गादीवर ठेवून केलं होतं. बटण दाबताना गादी दबली, कंट्रोलर किंचित वळला, आणि ते वळणंच शून्य म्हणून नोंदलं गेलं. नेम आधीपेक्षा जोरात पळायला लागला. म्हणून फरशी सगळ्यात उत्तम. पंख्याने किंवा स्पीकरने थरथरणारं टेबल नको, आणि बोट अगदी हलकं ठेवा.

दुसरी गोष्ट तापमानाची. सेन्सरची ही चूक गरम-थंड होताना बदलते. एसीच्या खोलीत नुकताच हातात घेतलेला कंट्रोलर कॅलिब्रेट केला तर अर्ध्या तासाच्या खेळानंतर नेम पुन्हा सरकू शकतो. आधी दहा-पंधरा मिनिटं खेळा, मग करा.

नंतर गेममधल्या सरावाच्या जागेत उभे राहा, कंट्रोलर फरशीवर ठेवा आणि तीन मिनिटं घड्याळ लावा. नेम जवळपास तिथेच असेल तर काम झालं. नीट, गरम झाल्यावर, फरशीवर करूनही तो त्याच दिवशी पुन्हा पळू लागला, विशेषतः कंट्रोलर पडल्यानंतर, तर सेन्सरच बिघडला असण्याची शक्यता जास्त. मग दुरुस्तीला द्या.