"काहीतरी दाबलं जाईल" ही भीती माझी कशी गेली

प्रश्न: आई मागच्या वर्षी शाळेतून रिटायर झाली, गणित शिकवायची. ऑनलाइन शिकवणी घे म्हणतो तर फोन हातात घ्यायलाच घाबरते, "काहीतरी दाबलं जाईल" म्हणते. मी दहा वेळा दाखवून झालं. कुणाच्या घरी असं होतं का? काय केलंत?

उत्तर:

तुमच्या आईंचं ते वाक्य वाचलं आणि लगेच लिहायला बसले, कारण अगदी हेच शब्द माझ्या तोंडी असायचे. मी वाईजवळच्या एका माध्यमिक शाळेत 31 वर्षं गणित शिकवलं, 2019 मध्ये रिटायर झाले. फोन होता पण फक्त बोलायला आणि व्हॉट्सॲपवरचे फोटो बघायला. 2021 च्या जूनमध्ये माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीचा फोन आला, ती आता चिंचवडला असते, म्हणाली बाई, मुलगी दहावीला आलीये, शाळा बंद, बीजगणित काहीच कळत नाहीये, तुम्ही घ्याल का ऑनलाइन? मी हो म्हणून बसले आणि फोन ठेवल्यावर पोटात गोळा आला.

शिकवायला बहिणीचा मुलगा आला. हुशार आहे, प्रेमाने आला होता, पण त्याने काय केलं तर माझ्या हातातून फोन घेतला, चार ठिकाणी बोटं फिरवली आणि "झालं बघ मावशी, सोप्पं आहे" म्हणून परत दिला. असं तीन दिवस चाललं. चौथ्या दिवशी मला जाणवलं की मी आयुष्यभर पोरांना जे सांगत आले तेच इथे चुकतंय. बाईंनी फळ्यावर गणित सोडवलं म्हणजे पोराला ते आलं असं होत नाही, खडू त्याच्या हातात द्यावा लागतो, मग तो कुठे अडतो ते दिसतं. मी त्याला म्हटलं, आजपासून फोन माझ्या हातात राहील, तू हात मागे बांधून बस आणि नुसतं तोंडाने सांग. तुम्ही दहा वेळा "दाखवलं" असं लिहिलंय ना, राग मानू नका, पण मला वाटतं तुमच्याकडेही तिथेच अडलंय.

मग एक दोनशे पानी वही केली. डाव्या पानावर "काय दाबलं", उजव्या पानावर "परत कसं यायचं". सगळा फरक या उजव्या पानाने पडला. माझी भीती बटण दाबायची नव्हतीच, दाबल्यावर परतीचा रस्ता माहीत नव्हता त्याची होती. म्हणून आम्ही मुद्दाम चुका करायची तालीम केली. मी गूगल मीटवर रिकामी मीटिंग सुरू करायची, तो शेजारच्या खोलीत यांच्या जुन्या फोनवरून विद्यार्थी म्हणून यायचा, आणि मी एकेक गोष्ट मुद्दाम बिघडवायची. माइक बंद केला, तोच माइक परत दाबला की चालू. कॅमेऱ्याचं तसंच. मग सगळ्यात मोठी भीती, ते लाल बटण. दाबलं आणि बाहेर आले. तो आतून ओरडला, मावशी मी इथेच आहे, मीटिंग चालू आहे! त्याच लिंकवर परत बोट ठेवलं आणि आत गेले. हे मी त्या संध्याकाळी सात-आठ वेळा केलं असेल, बाहेर ये, आत जा. त्या रात्री मला खरंच छान झोप लागली.

एक सांगते, दुसरा फोन त्याच खोलीत ठेवू नका. एकाचा आवाज दुसऱ्याच्या माइकमध्ये जातो आणि कानठळ्या बसतील अशी शिट्टी वाजते, नवीन माणसाला वाटतं आपण काहीतरी मोडलं. जवळ ठेवायचाच असेल तर दुसऱ्याचा माइक बंद आणि आवाज शून्यावर.

पहिला तास घेतला तेव्हा तिघी होत्या, ती मुलगी आणि तिच्या दोन मैत्रिणी. रंगात आले होते, अवयव पाडायला शिकवत होते आणि एकदम सगळं बंद. स्क्रीनवरून तिघी गेल्या. मला वाटलं माझा हात कुठेतरी लागला. मी तीन दिवस फोनला हात लावला नाही, त्या मुलीच्या आईला तब्येतीचं कारण सांगितलं, त्याचं आजही वाईट वाटतं. कारण नंतर कळलं. मीटच्या फुकट खात्यावर तीन किंवा जास्त माणसं असली की 60 मिनिटांनी कॉल आपोआप संपतो, 55 व्या मिनिटाला तशी सूचनाही येते, ती मी वाचलीच नव्हती. दोघंच असली तर ही अडचण येत नाही. आता मी 45 मिनिटांचा तास घेते, शाळेतल्या तासापेक्षा थोडा मोठा, आणि खरं तर त्याहून जास्त वेळ पोरांचं लक्षही टिकत नाही. आईंना हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर त्याही स्वतःलाच दोष देतील.

आता फळ्याचं. मी आधी फोन समोर उभा करून बोलायचे, गणित तोंडी सांगायचे, कसं जमणार? लॅपटॉप, डिजिटल पेन वगैरे घ्या असं सगळे म्हणाले, मी काही घेतलं नाही. स्वयंपाकघरातले दोन सारख्या उंचीचे स्टीलचे डबे, पोह्यांचा आणि रव्याचा, टेबलावर वीतभर अंतरावर ठेवले. त्यावर दोन लाकडी पट्ट्या आडव्या, पट्ट्यांवर फोन पालथा न ठेवता स्क्रीन वर करून, मागचा कॅमेरा पट्ट्यांच्या मधून खाली बघतोय असा, आणि खाली वही. डबे साधारण फूटभर उंच हवेत, मग अर्धं पान नीट येतं. पट्ट्या घसरू नयेत म्हणून रबर लावले. मीटमध्ये पुढच्या कॅमेऱ्याऐवजी मागचा निवडायचा. बॉलपेनचं निळं पोरांना दिसत नाही, काळं जाड स्केचपेन घ्या, कोऱ्या पानावर सात-आठ ओळीच लिहा. दिवा डाव्या बाजूला, म्हणजे उजव्या हाताची सावली अक्षरावर पडत नाही. फोन आडवा झोपवला की त्याला उभं-आडवं कळत नाही आणि मध्येच चित्र फिरतं, तेव्हा ऑटो रोटेट आधीच बंद करून ठेवायचं. आणि "डू नॉट डिस्टर्ब" लावायचं, माझ्या नणंदेचा फोन भर तासात आला होता आणि पोरींना माझा आवाज जायचा बंद झाला होता.

डब्यांची ही सोय झाली आणि खाली वही, हातात पेन आलं तेव्हा माझा हात थरथरायचा थांबला. वही तर माझीच होती ना, तिथे मला कुणी काही शिकवायची गरज नव्हती. फोन फक्त वरून बघत होता.

पण एक गोष्ट राहिलीच होती आणि ती फोनची नव्हती. वर्गात "समजलं का?" विचारलं की मी पोरांचे डोळे बघायचे, उत्तराकडे माझं लक्षच नसायचं. इथे "समजलं का" म्हटलं की तिघींकडून "हो बाई" यायचं नाहीतर शांतता. मी x² − 15x + 54 = 0 दिलं. उत्तर विचारलं तर एकीने −9 आणि −6 सांगितलं. तोंडी ऐकून कळेना की कुठे चुकलं. म्हटलं वही कॅमेऱ्यासमोर धर. बघते तर बेरीज −15, गुणाकार 54, म्हणून −9 आणि −6, बरोबर, पुढे (x − 9)(x − 6) = 0, तेही बरोबर, आणि त्यापुढे सरळ उत्तर. मधली x − 9 = 0 ही ओळच नव्हती, कंसातलं चिन्ह तिने तसंच उचललं होतं. ती ओळ लिहायला लावली आणि x = 9 किंवा x = 6 तिचं तिलाच आलं. त्या दिवसापासून मी "समजलं का" विचारणं सोडलं. "वही दाखवा" म्हणते. पोरी आधी तयार नव्हत्या, त्यांना स्वतःच्या स्क्रीनवर अक्षरं उलटी दिसायची, आरशातल्यासारखी. ते फक्त त्यांनाच तसं दिसतं, मला सुलटं दिसतं हे सांगितल्यावर दाखवायला लागल्या. कॅमेऱ्यात नीट नाही दिसलं तर व्हॉट्सॲपवर फोटो, मी त्यावर लाल पेनाची खूण करून परत पाठवते. पुस्तक नसेल तर बालभारतीची पीडीएफ त्यांच्या साइटवर फुकट मिळते, सगळ्यांनी एकच पान उघडलेलं असलं की निम्मा गोंधळ कमी होतो.

शेवटचं म्हणजे पैसे, आणि हे प्लीज आईंना नीट समजावा. दुसऱ्या वर्षी एका माणसाचा फोन आला, दोन मुलींची शिकवणी लावायचीये, बदलीवर आहे, सहा महिन्यांची फी आगाऊ पाठवतो, क्यूआर पाठवलाय तो स्कॅन करा म्हणजे पैसे येतील. एकही प्रश्न विचारला नाही, कुठला बोर्ड, कितवी, काही नाही, तिथेच मला खटकलं. स्कॅन केलं तर पिन मागितला. वहीच्या पहिल्याच पानावर भाच्याने मोठ्या अक्षरात लिहून घेतलं होतं, "पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही, पिन टाकला की पैसे जातात." मी फोन ठेवला. त्याने चार वेळा परत फोन केला, आवाज चढवून बोलला, मी नंबर ब्लॉक केला. कुणाचे गेलेच पैसे तर लगेच 1930 वर फोन करायचा, हा सायबर फसवणुकीचा सरकारी नंबर आहे, वहीत तोही आहे. फी मी महिना संपल्यावर घेते, आणि तासाला आधी पालकांशी बोलल्याशिवाय मुलाला घेत नाही.

आता माझ्याकडे नऊ मुलं आहेत, दोन तुकड्यांत, एक सकाळी आणि एक संध्याकाळी. मध्येच कुणीतरी ओरडतं, "बाई, तुम्ही म्यूट आहात!" आणि मी माइकवर बोट ठेवते, पुढे चालू. वही अजून टेबलावर असते, 40 पानं भरली, गेल्या महिन्यात फोन अपडेट झाला आणि बटणांच्या जागा बदलल्या तेव्हा परत दोन पानं लिहिली.

तुम्ही आज एवढंच करा, आईंच्या हातात फोन द्या, तुम्ही दुसऱ्या खोलीत जाऊन विद्यार्थी बना आणि त्यांना लाल बटण दाबायला सांगा. डबे कसे मांडायचे त्याचा फोटो हवा असेल तर सांगा, उद्या सकाळच्या तासाआधी काढून इथे टाकते.